रिलेवर ‘पीएल ई’ छापलंय म्हणून यंत्र पीएल ई होत नाही: आयएसओ १३८४९-१ मुळात काय मागतं

प्रश्न: मी कंट्रोल पॅनेल डिझाइन करतो, पण यंत्रसुरक्षेत नवा आहे. नव्या यंत्रात माल ढकलणारा पुशर आहे आणि यंत्राला पुढे, बाजूला आणि मागे अशी तीन दारं आहेत, प्रत्येकावर इंटरलॉक स्विच. ग्राहकाने ‘पीएल डी’ मागितलंय. आम्ही घेतलेल्या सेफ्टी रिलेवर तर ‘पीएल ई’ छापलेलं आहे. मग काम झालं ना? आयएसओ १३८४९-१ उघडून बसलो, पण तक्त्यांत हरवलो. त्यात नक्की मागितलंय काय?

उत्तर:

काम झालेलं नाही. तुमची वायरिंग कशी आहे आणि दारं किती वेळा उघडतात हे कळल्याशिवाय कुणीच ते ‘झालं’ म्हणू शकत नाही. हे पटलं की मानकाचा निम्मा भाग कळल्यासारखा आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

या मानकात परफॉर्मन्स लेव्हल, म्हणजे पीएल, यंत्राला मिळत नाही आणि सुट्या भागालाही मिळत नाही. ती सेफ्टी फंक्शनला मिळते. ‘पुढचं दार उघडलं की पुशरची मोटर थांबली पाहिजे आणि दार बंद करून रीसेट दिल्याशिवाय पुन्हा सुरू होता कामा नये’ हे एक सेफ्टी फंक्शन. ते पार पाडायला दाराचा स्विच, त्याची तार, रिले, काँटॅक्टर आणि रिलेकडे परत येणारी फीडबॅकची तार एवढं सगळं लागतं. या साखळीतला प्रत्येक भाग धोका होईल अशा तऱ्हेने बिघडण्याची काही शक्यता असते. ती तासागणिक मोजतात आणि सगळ्या भागांची बेरीज करतात. रिलेवर छापलेलं ‘ई’ एवढंच सांगतं की निर्मात्याने दिलेल्या पद्धतीने जोडला तर रिले आपल्या वाट्याचा भाग ई दर्जाला साजेसा करेल. स्विच आणि काँटॅक्टर यांच्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

म्हणून पहिलं काम कागदावरचं आहे. प्रत्येक दाराचं सेफ्टी फंक्शन वेगळं लिहा: काय झाल्यावर, काय थांबायला हवं, किती वेळात, आणि पुन्हा सुरू कसं होईल. २०२३ च्या आवृत्तीने या लिखित तपशिलावर आधीपेक्षा बराच जास्त भर दिला आहे, आणि ते योग्यच झालं. जी गोष्ट धड लिहिलेली नाही तिचं गणित कुणी कितीही बारकाईने केलं तरी ते भलत्याच गोष्टीचं असू शकतं.

दुसरा प्रश्न: ‘डी’ आलं कुठून? मानकाच्या सुरुवातीच्या परिशिष्टात जोखमीचा आलेख आहे. त्यात तीनच प्रश्न विचारतात. इजा किरकोळ की कायमची? माणूस धोक्याजवळ क्वचित जातो की वारंवार? आणि धोका दिसला तर बाजूला होता येईल का? तुमच्या पुशरखाली बोट सापडलं तर इजा कायमची, म्हणजे पहिलं उत्तर वरचं. ऑपरेटर माल भरायला दर दोन मिनिटांनी पुढचं दार उघडतो असं धरू. दर पंधरा मिनिटांतून एकदापेक्षा जास्त वेळा जाणं हे ‘वारंवार’ मानतात, म्हणजे दुसरंही वरचं. आता सगळं तिसऱ्या उत्तरावर अवलंबून आहे. पुशर सावकाश चालतो, समोर दिसतो आणि हात मागे घ्यायला जागा आहे, तर उत्तर ‘डी’. पुशर झटक्यात येत असेल तर ‘ई’. ग्राहकाने ‘डी’ लिहिलंय म्हणजे त्याने तिसऱ्या प्रश्नाला ‘बाजूला होता येतं’ असं उत्तर दिलं आहे. ते त्याच्याकडून लेखी घ्या. मी पाहिलेल्या वादांपैकी बरेच वाद या एका उत्तरावरचेच होते, आणि ते यंत्र बनून उभं राहिल्यावर झाले.

आता डी म्हणजे किती? तासाला धोकादायक बिघाडाची शक्यता दहा लाखात एक ते एक कोटीत एक यांच्यामध्ये. ई म्हणजे एक कोटीत एक ते दहा कोटीत एक. सी त्याच्या खाली, दहा लाखात एकपेक्षा वाईट. हे आकडे कशातून निघतात, तर मानक चार गोष्टी विचारतं. पहिली, साखळीची रचना, म्हणजे कॅटेगरी. दुसरी, प्रत्येक चॅनेल, म्हणजे थांबण्याचा संदेश नेणारी प्रत्येक स्वतंत्र वाट, किती टिकाऊ आहे, म्हणजे एमटीटीएफडी. तिसरी, बिघाड झाला तर यंत्रणेला तो किती प्रमाणात कळतो, म्हणजे डायग्नॉस्टिक कव्हरेज किंवा डीसी. चौथी, एकाच कारणाने दोन्ही चॅनेल एकदम बिघडू नयेत यासाठी काय केलंय, म्हणजे सीसीएफ. या चारांखेरीज डिझाइनमधल्या आणि सॉफ्टवेअरमधल्या चुका टाळण्याच्या अटी आहेत. तुमचा रिले साधा आहे, त्यात प्रोग्राम नाही, म्हणून सॉफ्टवेअरचा भाग सध्या बाजूला ठेवू. उद्या सेफ्टी पीएलसी घेतलात तर तो भाग आपोआप अंगावर येईल.

कॅटेगरीबद्दल थोडक्यात. बी आणि १ मध्ये एकच चॅनेल असतो. २ मध्येही एकच, पण त्याची अधूनमधून चाचणी होते. ३ आणि ४ मध्ये दोन चॅनेल असतात आणि एक बिघडला तरी दुसरा काम करतो. ३ आणि ४ मधला फरक नवख्यांना चटकन दिसत नाही. ३ मध्ये काही बिघाड न कळता राहू शकतात आणि ते साठत गेले तर सुरक्षा जाऊ शकते, हे मान्य केलेलं आहे. ४ मध्ये तशी सवलत नाही. बिघाड वेळीच कळलाच पाहिजे, आणि नाही कळला तर न कळलेल्या बिघाडांची बेरीजही सुरक्षा घालवणारी नसावी.

तुमच्या यंत्राचं गणित करून पाहू, सुरुवात काँटॅक्टरपासून. मोटरच्या वाटेत दोन काँटॅक्टर एकामागे एक आहेत आणि दोन्हींचे मिरर काँटॅक्ट, म्हणजे मुख्य काँटॅक्ट चिकटला तर उघडेच राहणारे सहायक काँटॅक्ट, रिलेच्या फीडबॅकमध्ये जोडलेले आहेत असं धरतो. (जोडले नसतील तर पुढचं वाचू नका, आधी जोडा.) यंत्र वर्षाला २४० दिवस, दिवसाला १६ तास चालतं, दार दर १२० सेकंदांनी उघडतं. यांत्रिक भाग वर्षांनी नव्हे, वापराच्या फेऱ्यांनी झिजतात. म्हणून निर्माता त्यांच्यासाठी बी१०डी हा आकडा देतो: इतक्या फेऱ्या झाल्यावर दर शंभरातले दहा नग धोकादायक तऱ्हेने बिघडलेले असतील. पूर्ण भाराखाली तोडणाऱ्या काँटॅक्टरसाठी मानकातच १३ लाख फेऱ्या हा आकडा आहे, निर्मात्याचा नसेल तर तो घ्यायचा.

```
n_op  = 240 × 16 × 3600 / 120   = 115200 /year
MTTFD = 1300000 / (0.1 × 115200) = 112.8 years
T10D  = 1300000 / 115200         = 11.3 years
```

मधला आकडा पाहून बहुतेकांना हायसं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. ११२.८ वर्षं म्हणजे काँटॅक्टर शंभर वर्षं टिकेल असं अजिबात नाही. ते बिघाडाच्या दराचं दुसरं रूप आहे. कॅटेगरी ४ सोडून इतर रचनांत मानक प्रत्येक चॅनेलचा हा आकडा १०० वर्षांवर कापतं, आणि ३० ते १०० च्या दरम्यान आला की ‘उच्च’ म्हणतं. खरी बातमी शेवटच्या ओळीत आहे. मानक यंत्राचं आयुष्य साधारण २० वर्षं धरून गणित करतं. तुमचा काँटॅक्टर मात्र ११.३ वर्षांतच आपल्या बी१०डीपर्यंत पोचतो, आणि त्यापुढे वरचं गणित लागू होत नाही. म्हणून ‘दोन्ही काँटॅक्टर ११ वर्षांच्या आत बदलावेत’ हे वाक्य यंत्राच्या पुस्तिकेत गेलंच पाहिजे. ते नसेल तर बारावं वर्ष लागल्यावर तुमचा पीएलचा दावा कागदावरही उरत नाही.

यात वेग किती फरक पाडतो ते पाहा. तेच दार दर ३० सेकंदांनी उघडत असेल तर फेऱ्या चौपट होतात, एमटीटीएफडी २८.२ वर्षांवर येतो, म्हणजे ‘उच्च’ जाऊन ‘मध्यम’ होतो, आणि काँटॅक्टर बदलायची मुदत तीन वर्षांपेक्षाही कमी उरते. भाग तेच, चित्र तेच, फक्त कामाचा ठेका बदलला. म्हणून ‘मागच्या यंत्रात हेच वापरलं होतं’ या उत्तराला काही किंमत नाही. आणखी एक गोष्ट: यंत्राचं रोजचं सुरू-बंद याच काँटॅक्टरमधून होत असेल तर त्या फेऱ्याही मोजायच्या. उलट, ड्राइव्ह आधी मोटर थांबवत असेल आणि काँटॅक्टर नंतर भाराविना उघडत असेल, तर अल्प भारासाठीचा बी१०डी २ कोटी आहे आणि ही मुदतीची चिंताच उरत नाही. मात्र चालू यंत्राचं दार ओढलं तरी तसंच घडतं याची आधी खातरजमा करा.

दोन चॅनेल, मिरर काँटॅक्टवरून थेट देखरेख (तिचं डीसी ९९ टक्के धरायला मानक परवानगी देतं) आणि उच्च एमटीटीएफडी, यामुळे काँटॅक्टरचा भाग कॅटेगरी ४ मध्ये बसतो. मानकाच्या शेवटी रचना, डीसी आणि एमटीटीएफडी यांवरून तासाची शक्यता काढायचा तयार तक्ता आहे. १०० वर्षांच्या ओळीत कॅटेगरी ४ समोर 2.47E-8 दिसतं. तेच घेऊ.

आता दारांकडे येतो. तुम्ही चित्र दिलेलं नाही, पण तीन दारं आणि एक रिले म्हटल्यावर मी पैज लावायला तयार आहे: प्रत्येक दारावर जीभ शिरणारा एक यांत्रिक स्विच, त्यात दोन काँटॅक्ट, आणि तिन्ही दारांचे काँटॅक्ट एकामागे एक जोडून दोन चॅनेल रिलेत नेलेले. तार वाचते, टर्मिनल वाचतात, रिलेचे इनपुट पुरतात. आणि नेमकं इथेच पाणी मुरतं.

समजा पुढच्या दाराच्या स्विचचा पहिला काँटॅक्ट बंद अवस्थेत चिकटला. ऑपरेटर पुढचं दार उघडतो. पहिला चॅनेल तसाच राहतो, दुसरा उघडतो. यंत्र थांबतं, आणि दोन चॅनेलमध्ये फरक दिसल्यामुळे रिले रीसेट घेत नाही. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे. ऑपरेटर दार लावतो, रीसेट दाबतो, काही होत नाही. मग तो काय करतो? जे कुणीही करेल तेच: बाकीची दारं नीट लागली आहेत का पाहायला बाजूचं दार उघडून पुन्हा लावतो. बाजूच्या दाराचा स्विच धडधाकट आहे, त्यामुळे या वेळी दोन्ही चॅनेल उघडतात आणि दोन्ही बंद होतात. रिलेला वाटतं सगळं ठीक झालं. तो रीसेट घेतो. यंत्र चालू. चिकटलेला काँटॅक्ट तिथेच आहे, फक्त आता त्याची दखल घेणारं कुणी नाही. पुढे त्याच स्विचचा दुसरा काँटॅक्ट बिघडला की पुढचं दार सताड उघडं असताना पुशर चालेल.

याला फॉल्ट मास्किंग म्हणतात, एका स्विचचा बिघाड दुसऱ्या स्विचने झाकणं. २०१५ साली आयएसओने यावर स्वतंत्र तांत्रिक अहवाल काढला, त्याचा क्रमांक २४११९. त्यातला साधा तक्ता दोन गोष्टी मोजायला सांगतो: साखळीत वारंवार उघडणारी दारं किती, म्हणजे तासातून एकदापेक्षा जास्त, आणि बाकीची किती. तुमच्याकडे वारंवार उघडणारं एक आणि क्वचित उघडणारी दोन. उत्तर येतं: डीसी ‘कमी’च्या वर धरता येणार नाही. रिलेच्या पुस्तिकेत ९९ टक्के लिहिलं असलं तरी नाही. ती ९९ टक्के एकाच स्विचसाठी आहेत, साखळीसाठी नाहीत.

स्विचचा बी१०डी निर्मात्याने २ कोटी दिलाय असं धरा. त्यावरून एमटीटीएफडी १७०० वर्षांच्या पुढे जातो, म्हणजे १०० वर कापला. कॅटेगरी ३ आणि डीसी कमी असेल तर तक्ता 1.01E-7 देतो. तेच स्विच वेगवेगळ्या इनपुटवर घेतले तर मास्किंग उरत नाही, मग कॅटेगरी ३ आणि डीसी मध्यम या रकान्यातला 4.29E-8 घेता येतो. रिलेचा आकडा त्याच्या माहितीपत्रकात असतो, उदाहरणापुरता 5E-9 धरतो. दोन्ही बेरजा शेजारी मांडल्या की असं दिसतं:

```
series:    1.01E-7 + 0.05E-7 + 0.247E-7 = 1.31E-7  -> PL d
separate:  0.429E-7 + 0.05E-7 + 0.247E-7 = 0.73E-7 -> range of PL e
```

साखळीत जोडूनही डी मिळालं. म्हणजे आजच्या स्थितीत, बाकीच्या अटी पाळल्या तर, ग्राहकाची मागणी पुरी होते. पण हे किती पातळ बर्फावर उभं आहे ते पाहा. यंत्र बसल्यावर कुणीतरी ठरवलं की बाजूच्या दारातून दर दहा मिनिटांनी कचरा काढायचा. आता वारंवार उघडणारी दारं दोन झाली. तक्ता म्हणतो, डीसी शून्य धरा. डीसी शून्य म्हणजे कॅटेगरी ३ ची अटच मोडली, आणि डी गेलं. एकही तार न बदलता, एकही भाग न बिघडता. पॅनेलवाल्याला हे कधी कळतही नाही, कारण हा निर्णय उत्पादन विभागातल्या कुणीतरी घेतलेला असतो. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: तीन दारं तीन वेगळ्या इनपुटवर घ्या. एक मोठा रिले किंवा जोडमॉड्यूल लागेल, पण हा सगळा प्रश्नच मिटेल.

दुसऱ्या ओळीत ‘ई’च्या पट्ट्यात आकडा आला म्हणून ई मिळालं असं मात्र समजू नका. दोन काँटॅक्ट असले तरी स्विच एकच आहे आणि त्यात शिरणारी जीभही एकच. जीभ तुटून स्विचच्या आत अडकली तर दोन्ही काँटॅक्ट एकदमच ‘दार बंद आहे’ असं खोटं सांगतात. आपण गणित करताना ‘जीभ तुटणारच नाही’ असं गृहीत धरलं होतं. मानक याला फॉल्ट एक्सक्लूजन म्हणतं. डीपर्यंत ते चालतं, पण कारण लिहून द्यावं लागतं: दाराला वेगळा थांबा आहे म्हणून जिभेवर आपटण्याचा भार येत नाही, बिजागऱ्या सैल होऊन दार खाली बसणार नाही, निर्मात्याने दिलेल्या मर्यादेतच बसवलंय, वगैरे. ईसाठी मानकाचा भाग २, म्हणजे आयएसओ १३८४९-२, हे गृहीतक नाकारतो. तिथे प्रत्येक दारावर दोन स्वतंत्र स्विच हवेत, किंवा स्वतःची देखरेख स्वतः करणारे, स्वतः ई दर्जाचे कोडेड सेन्सर. असे सेन्सर साखळीत जोडले तरी मास्किंग होत नाही, कारण प्रत्येकजण आपला बिघाड स्वतः पकडतो. म्हणजे आकडा ही एक अट, रचना ही दुसरी, आणि दोन्हींपैकी जी कमी तीच खरी.

सीसीएफकडे बहुतेक लोक शेवटी येतात आणि उरकून टाकतात. परिशिष्टात उपायांची यादी असते, प्रत्येक उपायाला गुण, आणि एकूण १०० पैकी किमान ६५ मिळवायचे. अर्धवट उपायाला अर्धे गुण नाहीत. केला तर पूर्ण, नाही तर शून्य. तुमच्याकडे दोन सारखेच काँटॅक्टर आहेत, म्हणजे वेगळ्या तंत्राचे २० गुण गेले. दोन चॅनेलच्या तारा वेगळ्या ठेवल्या तर १५, अतिव्होल्टेजपासून वगैरे संरक्षण १५, विद्युतचुंबकीय आणि धूळ-ओलाव्याचा बंदोबस्त २५, तापमान आणि कंपनाचा विचार १०. बेरीज नेमकी ६५. म्हणजे दोन्ही चॅनेलच्या तारा एकाच केबलमधून दाराच्या बिजागरीजवळ नेल्या आणि ‘वेगळ्या ठेवल्या’ हे म्हणता येईना, तर १५ गुण जातात आणि कॅटेगरी ३ व ४ दोन्ही हातून निसटतात. पॅनेलच्या आत सगळं देखणं असतं. केबल दाराजवळ कशी नेली हे तिथे जाऊनच पाहावं लागतं.

यानंतर मानक व्हॅलिडेशन मागतं. २०२३ पासून त्याची पद्धत भाग १ मध्येच आली आहे, आणि कोणते बिघाड गृहीत धरायचे याच्या याद्या भाग २ मध्ये आहेत. गणित बरोबर आहे हे तपासणं हा व्हॅलिडेशनचा एक भाग झाला. दुसरा भाग हाताने करायचा आहे: बिघाड मुद्दाम घडवायचा आणि यंत्रणेला तो कळतो का ते पाहायचं. पुढच्या दाराच्या एका काँटॅक्टवर जंपर टाका, दार उघडा. यंत्र थांबलं पाहिजे आणि दार पुन्हा लावल्यावर रीसेट होता कामा नये. आता जंपर तसाच ठेवून बाजूचं दार उघडून बंद करा आणि रीसेट दाबून पाहा. साखळीत जोडलं असेल तर रिले रीसेट घेईल. मास्किंग तुमच्या डोळ्यांसमोर घडेल, आणि ग्राहकाला समजावायला याहून चांगली गोष्ट नाही. मग एका काँटॅक्टरचा आर्मेचर दाबून धरल्यासारखी स्थिती तयार करा, म्हणजे त्याचा मिरर काँटॅक्ट उघडाच राहील. रिलेने पुढचा रीसेट नाकारला पाहिजे. तो स्वीकारत असेल तर फीडबॅकची तार कुठेतरी शॉर्ट आहे किंवा जोडलेलीच नाही. पॅनेल तपासताना कुणीतरी फीडबॅकला तात्पुरता जंपर मारतो आणि तो तसाच राहतो, हे फार वेळा घडतं. रीसेटचं बटणही दाबून धरून पाहा. बटण सोडल्यावर रीसेट झाला पाहिजे, दाबल्याबरोबर नाही; नाहीतर बटण आत अडकलं की यंत्र दार लागताक्षणी आपोआप तयार होईल.

मागच्या दाराबद्दल वेगळं सांगतो, कारण ते वर्षातून एखाद्या वेळी उघडतं. त्याच्या स्विचचा बिघाड फक्त दार उघडल्यावरच कळणार, म्हणजे तो महिनोन्‌महिने दडून राहू शकतो आणि त्या काळात दुसरा बिघाड त्यावर येऊन बसू शकतो. म्हणून इंटरलॉकच्या मानकात, आयएसओ १४११९ मध्ये, अशा दारांसाठी सक्तीची चाचणी आहे: कॅटेगरी ३ च्या पीएल डीसाठी वर्षातून किमान एकदा, ईसाठी महिन्यातून किमान एकदा दार उघडून पाहायचं. हे देखभालीच्या वेळापत्रकात घाला. नियंत्रकाला आठवण करून देता आली तर उत्तमच.

हे सगळं जमल्यावरही एक प्रश्न पीएलच्या बाहेर उरतो, आणि नवखा इंजिनियर तो हमखास विसरतो. पीएल सांगतो की थांबण्याची आज्ञा किती खात्रीने पोचेल. पुशर हात पोचण्याआधी थांबेल का, हे तो सांगत नाही. त्यासाठी आयएसओ १३८५५ आहे. दार उघडून आत जाणाऱ्या हाताचा वेग तिथे सेकंदाला १६०० मिलिमीटर धरतात. दार उघडल्यापासून पुशर पूर्ण थांबेपर्यंत, म्हणजे स्विच, रिले, काँटॅक्टर आणि जडत्व हे सगळं धरून, अर्धा सेकंद लागत असेल तर:

```
S = K × T = 1600 mm/s × 0.5 s = 800 mm
```

दार आणि पुशर यांच्यामध्ये किमान एवढं अंतर हवं. हा वेळ माहितीपत्रकावरून काढू नका, यंत्र भाराखाली चालवून मोजा. तुमचं दार पुशरपासून ३०० मिलिमीटरवर असेल, तर कितीही चांगला पीएल मिळवलात तरी हात आधी पोचेल. तिथे थांबेपर्यंत दार बंदच धरून ठेवणारा गार्ड लॉक लावावा लागेल. आणि तो लॉक कधी सुटायचा हे ठरवणं म्हणजे आणखी एक सेफ्टी फंक्शन, ज्याचा पीएल पुन्हा याच रीतीने काढायचा.